अक्कांचा ध्रुव

अक्का माझं कार्टून आवाज बंद करून बघायच्या. मग तेच कार्टून पुन्हा लावायला लावायच्या आणि या खेपेला डोळे मिटून बसायच्या, छत्रीच्या मुठीवर हनुवटी टेकवून. संपलं की डोळे उघडायचे आणि निकाल लागायचा.

"चित्रात राजा बसलाय. आवाजात बी राजा बसलाय. एकच राजा दोनदा कामून बसवायलीस गं? जे दिसायलंय ते सांगू नको."

हे शेवटचं वाक्य मी त्यांच्याकडून इतकं ऐकलंय की आता स्वयंपाकघरातसुद्धा आठवतं. आई "भात झाला बघ" म्हणत भाताचं पातेलं माझ्यापुढं ठेवते तेव्हा माझ्या तोंडावर येतं. बोलत नाही, आईच्या हातात डाव असतो.

अक्का माझ्या घरमालकीण. हैदराबादला ॲनिमेशन शिकले, तिथंच चार वर्षं दुसऱ्यांच्या जाहिरातींत साबणाचे फुगे उडवले आणि कंटाळून बीदरला परत आले. तिथल्या नौबाद भागात अक्कांच्या घराची वरची खोली घेतली. एक कॉम्प्युटर, एक माईक, आणि आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गाद्या. पाटीवर झोकात 'स्टुडिओ' लिहिलं. पहिल्याच दिवशी अक्का वर आल्या. पायात मोजे आणि त्यावर चपला, कारण नौबादची लाल धूळ त्यांना टाचेला लागू द्यायची नव्हती. हातात छत्री. बाहेर ऊन नाही, पाऊस नाही.

"छत्री कशाला अक्का?"

"दाखवायला."

आणि छत्रीच्या टोकानं त्यांनी माझ्या नव्याकोऱ्या स्क्रीनवर एका राक्षसाचं पोट दाखवलं. तो ओरखडा अजून आहे. खजुरीकडच्या मराठी शाळेत त्यांनी जन्म काढला होता, आणि फळ्यावर टोकायची सवय निवृत्तीनंतर छत्रीत उतरली होती. कॉम्प्युटरला त्या कायम 'डबा' म्हणायच्या. "तुझा डबा तापलाय, त्याला जरा निजू दे."

पुराणातल्या गोष्टींशी आम्हा दोघींचंही तसं काही देणंघेणं नव्हतं, ही यातली गंमत. अक्का बसवण्णांना मानणाऱ्या. "माझा देव माझ्या गळ्यात हाय," गळ्यातलं इष्टलिंग दाखवत म्हणायच्या, "त्याला न चार हात, न मुकुट. तवा तुझ्या देवांशी माझं काय बी भांडण न्हाई." आमचं घर आजोबांच्या काळापासून बौद्ध. आई अधूनमधून टोमणा मारते, "बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातली पोरगी, आणि दिवसभर विष्णूचे हात हलवत बसती!" मी सांगते, आई, मी विष्णू मानत नाही, मी फक्त त्याचे सांधे जोडते. आणि ते खरंच आहे. आमच्या कामात देव काय, राक्षस काय, सगळे कापलेले तुकडे असतात. डोकं वेगळं, दंड वेगळा, कोपरापासून पुढचा हात वेगळा. प्रत्येक सांध्यात खिळी मारायची आणि बाहुली हलवायची. तोंडाचे पाच-सहा आकार काढून ठेवायचे, आ, ई, ऊ, ओ आणि एक मिटलेलं, आणि आवाजाप्रमाणे बदलत जायचे. चार हात म्हणजे दुप्पट काम, एवढाच माझा विष्णूशी हिशेब.

तर हैदराबादच्या एका साहेबांनी लहान मुलांच्या चॅनेलसाठी मराठी नमुना मागवला. पुराणातली एक गोष्ट, तीन मिनिटं, शेवटी सोपी शिकवण. आवडला तर अख्खी मालिका. मी ध्रुव घेतला. गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. उत्तानपाद राजाला दोन राण्या, सुनीती आणि सुरुची. सुरुचीचा मुलगा उत्तम बापाच्या मांडीवर बसलाय. सुनीतीचा ध्रुव येतो, मलाही बसायचंय म्हणतो. सुरुची त्याला ओढून काढते, 'मांडीवर बसायचं तर माझ्या पोटी जन्म घ्यायचा होतास' म्हणते. राजा गप्प. ध्रुव जंगलात जाऊन तप करतो, विष्णू प्रसन्न होतो आणि त्याला आकाशात अढळपद देतो.

मी झोकात लिहिलं. डावीकडच्या रकान्यात दृश्य, उजवीकडच्या रकान्यात आवाज. 'फार फार वर्षांपूर्वी' पासून सुरुवात. राजवाडा, रथ, नारद. नारदाची तर बाहुलीसुद्धा करून टाकली होती, वीणेच्या तारा वेगळ्या हलणाऱ्या. सुरुचीच्या भुवया तलवारीसारख्या, डोळे लाल, तोंडावर खालून हिरवा उजेड. शेवटी शिकवण: 'कष्टाचे फळ मिळतेच.'

अक्कांनी भिंतीवरच्या घड्याळाखाली उभं राहून उजवा रकाना मोठ्यानं वाचला. लेकरांना सांगतात त्या चालीनं, थांबत थांबत. तीन मिनिटं उलटली तेव्हा ध्रुव अजून राजवाड्याच्या पायऱ्या चढत होता.

"अय्यो! ह्यो मांडीपर्यंत पोचेस्तवर लेकरू फोन टाकून खेळायला जाईल की!"

मग छत्री चालली. तीन मिनिटांत लेकरांच्या चालीनं जेमतेम अडीचशे शब्द मावतात, कारण मधे चित्रालाही श्वास घ्यायला जागा लागते. 'फार फार वर्षांपूर्वी' गेलं. रथ गेला. नारदावर छत्री आली तेव्हा मी खरंच चिडले.

"अक्का, नारद नको म्हणता? त्याची वीणा वाजते!"

"वाजू दे. ध्रुवाला देवाकडं जा म्हणून त्याच्या आईनंच सांगितलंय, मग ह्याचं काय काम हाय हितं? तीन मिनटांत चार-पाच मानसं लई झाली. ठेव त्याला डब्यात झाकून."

नारद अजून डब्यात आहे. रडू आलं होतं मला, पण बाई खरं बोलत होत्या.

तरी सुरुचीचे लाल डोळे मी ठेवले. साहेबांचं फोनवर बजावणंच होतं, "मॅडम, सावत्र आई बघता क्षणी कळली पाहिजे. लेकरांना खलनायक पटकन लागतो." मी सगळी चित्रं काढून, माझ्याच आवाजात कच्चं रेकॉर्डिंग करून, चित्रं आवाजामागं ओळीनं लावली. काही हलत नाही, नुसती चित्रं बदलतात, पण गोष्ट कुठं रेंगाळते ते त्यात कळतं. बाहुल्या हलवायची मेहनत करण्याआधी हे एखाद्या लेकराला दाखवायचं असतं. आणि लेकरू खाली हजर होतंच. अक्कांची नात.

इथं तिच्याबद्दल सांगायला पाहिजे. ती सहा वर्षांची. दोन वर्षांपूर्वी तिची आई गेली. बाप, म्हणजे अक्कांचा मुलगा, कलबुर्गीला नोकरीला, त्याला मी अण्णा म्हणते. पोरगी तेव्हापासून अक्कांकडंच. आणि आता अण्णाचं दुसरं लग्न ठरलं होतं. रजिस्टर पद्धतीनं, साधं, चार माणसांत. लग्न झालं की पोरीला घेऊन जायचं, कलबुर्गीच्या शाळेत घालायचं. पोरगी म्हणत होती, न्हाई जायची. का, ते सांगत नव्हती.

मी तिला स्टुलावर बसवलं आणि लावलं. ध्रुव आला तेव्हा हसली. सुरुचीचे डोळे लाल झाले आणि तिनं दोन्ही हातांनी स्क्रीन झाकला. मग उठून खाली पळाली. संध्याकाळी अण्णाचा फोन आला तर पलंगाखाली जाऊन बसली. "ती बाई पण मला अशीच ओढती का?" एवढंच आजीला विचारलं.

मला वाटलं, अक्का आता छत्री घेऊन वर येणार आणि माझं काही खरं नाही. आल्या, पण छत्रीशिवाय. छत्रीशिवाय अक्का मी तेव्हा पहिल्यांदा बघितल्या.

"मला सगळी नौबाद अक्का म्हणती," त्या म्हणाल्या. "कामून, म्हाईत हाय?"

मला वाटायचं, वय आहे, शाळामास्तरीण आहेत, म्हणून.

"मी लग्न होऊन आले तवा अण्णा चार वर्साचा होता. आई म्हण म्हणून कुणी सांगितलं तर रडायचा. मी म्हणलं, अक्का म्हण. त्यानं अक्का म्हणलं, मग गल्लीनं म्हणलं, मग शाळेनं. माझ्या पोटी पोरगं झालं न्हाई, मी त्यालाच वाढवलं. पण देवळात ध्रुवाचं आख्यान लागलं ना, की समद्या बाया सुरुचीच्या जागी मान वळवून माझ्याकडं बघायच्या. दर साली. मी काय केलं होतं गं? मी त्याच्या नाकाचा शेंबूड पुसत बसलेली असायची!"

अण्णा त्यांचा सख्खा नाही, हेच मला माहीत नव्हतं.

"मी झेलली ती नजर. आता ती दुसरी पोर यायलीय, कलबुर्गीची. तिनं अजून ह्या लेकराला बोट लावलं न्हाई, आणि तू तिचे डोळे लाल करून ठेवलेस. माझी नात तिच्या घरात डोळे झाकून ऱ्हाणार का जलमभर?"

"गोष्टच तशी आहे अक्का. मी बदलू का? लोक अंगावर येतील."

"गोष्ट बदलायची न्हाई! मी मास्तरीण हाय, मला सांगतीस? गोष्ट पुरी सांगायची. तुम्ही समदे चांदणी लागली की उठून जाताव. ध्रुव घरी परत येतो ते कोण सांगणार?"

आणि त्या उरलेली गोष्ट सांगायला लागल्या. देव भेटल्यावर ध्रुव घरी येतो. राजा सामोरा जाऊन त्याला पोटाशी धरतो. ध्रुव सुरुचीच्याही पाया पडतो, आणि सुरुची त्याला उचलून घेते, जवळ धरते, तिच्या डोळ्यांत पाणी असतं. उत्तम आणि ध्रुव एकमेकांना मिठी मारतात. मी खात्री करायला भागवत धुंडाळलं. बौद्धाच्या घरी भागवत, आईनं डोक्याला हात लावला. पण आहे तसंच, अगदी स्वच्छ लिहिलेलं आहे. आपण सगळ्यांनीच ते कापून टाकलंय.

मग आम्ही पहिल्यापासून बसलो. अक्कांची छत्री परत आली होती.

"पयला सांग, ध्रुवाला काय पायजे?"

"अढळपद."

"न्हाई! ते देवानं दिलं. पोराला काय पायजे?"

"मांडी."

"व्हय! लेकरू मांडी मागायलंय आणि तुम्ही समदे चांदणी देऊन त्याला वाटंला लावायलाव."

तिथून गोष्ट सरळ झाली. एकच वाक्य ध्रुवाच्या तोंडी दिलं, 'मला जागा आहे का?' लहान लेकरांच्या गोष्टीत एखादी ओळ फिरून फिरून यावी लागते, दुसऱ्यांदा ती ओळखीची होते आणि तिसऱ्यांदा लेकरू स्वतःच म्हणतं. पहिल्यांदा ध्रुव बापाला विचारतो, बाप गप्प. दुसऱ्यांदा जंगलात विष्णूला विचारतो, विष्णू म्हणतो, 'आहे. आकाशात, कधी न हलणारी.' तिसऱ्यांदा घरी येऊन विचारतो. गोष्टीची सुरुवात थेट मांडीवरून, पहिल्या काही क्षणांत ध्रुव दारात उभा. तप म्हणजे एकच देखावा, मागचं झाड तेवढं हिरवं, पिवळं, उघडं आणि परत हिरवं होतं. तिथं आवाजाचा रकाना कोरा. काळ गेला हे झाडावर दिसतंय ना, मग सांगायचं कशाला?

सुरुचीचं बोलणं अक्कांनी तसंच ठेवलं. "तिनं म्हणलं ते म्हणलं. लपवायचं न्हाई. पण डोळे लाल करायचे न्हाईत. रागात मानूस बोलतंच की." मग मी विचारलं, चेहरा कसा करू? अक्का म्हणाल्या, सुनीतीचा आहे तोच घे. लुगड्याचा रंग बदल. दोघी आयाच हाईत. कामाच्या दृष्टीनंही बरं, एका बाहुलीत दोन राण्या झाल्या. आणि विष्णूचं प्रभावळीचं लांबलचक दृश्य, साहेबांचं लाडकं, अर्ध्यावर आणून ते क्षण शेवटी ध्रुवाच्या घरी परतण्याला दिले.

राहिली शिकवण. यावर आमचं कडाक्याचं भांडण झालं. मी म्हणाले, 'चिकाटी सोडू नये.' अक्का म्हणाल्या, शिकवण अशी पाहिजे की लेकरू उद्या सकाळी उठून करू शकेल. "चिकाटी म्हंजे काय करंल ते? जंगलात जाईल?" मी म्हणाले, 'क्षमा करावी.' "सहा वर्साचं लेकरू कुणाला क्षमा करतंय? डब्यातला लाडू न्हाई सोडत ते." राजाला शिकवण द्यावी तर बघणारी लेकरं राजा नसतात. मग आम्ही दोघी त्या पहिल्या चित्राकडं बघत बसलो. राजा, मांडीवर उत्तम, समोर ध्रुव. अक्कांनी छत्री उचलली आणि उत्तमाच्या पोटावर टेकवली.

"ह्याला कुणी विचारलंच न्हाई," त्या सावकाश म्हणाल्या. "ह्यानं जरा सरकायचं होतं की."

मला एकदम टाळी वाजवावीशी वाटली. वाजवलीही! बसमध्ये रोज हेच तर म्हणतो आपण. शेवटच्या चित्रात ध्रुव विचारतो, 'मला जागा आहे का?' आणि कुणी काही बोलायच्या आत उत्तम बापाच्या एका मांडीवर सरकतो, दुसरी मांडी थोपटतो. मोठी माणसं मग हसतात. शिकवण: 'जरा सरकलं की सगळ्यांना जागा होते.'

राजाची बाहुली मात्र मी एका बाजूनं बसलेली काढली होती, एकच मांडी दिसणारी. दोन लेकरं बसवायची तर राजा समोरून पुन्हा काढावा लागला, सांध्यांसकट. दोन्ही मनगटं आखडली. अक्का खालून पोह्यांची ताटली पाठवत राहिल्या आणि वर येऊन "मिशी हलू दे जरा" म्हणत राहिल्या. मिशी हलवली. बघा, उगाच नावं ठेवणार नाही, ती हलणारी मिशी लेकरांना फार आवडते.

सगळंच काही त्यांचं बरोबर नव्हतं. तपाच्या दृश्यात त्यांना पूर्ण शांतता हवी होती. मी म्हणाले, लेकरं कंटाळतील. त्या म्हणाल्या, सुम्म बस, मी चाळीस पोरांचे वर्ग सांभाळलेत. कानडीतलं 'सुम्म' म्हणजे गप्प. त्यांचं 'सुम्म' आलं की पुढं बोलायची सोय नसे. पण मी चोरून पक्ष्यांची किलबिल आणि एक डफ घातला. ऐकल्यावर त्यांनी छत्रीवरची हनुवटी उचलली आणि म्हणाल्या, "बरं हाय. पन तुला सुम्म म्हणलं होतं."

सुरुचीचा आवाज अक्कांनीच दिला. दुसऱ्या कुणाला देऊ देईनात. गाद्यांच्या कोपऱ्यात माईकपुढं उभ्या राहिल्या आणि 'माझ्या पोटी जन्म घ्यायचा होतास' हे वाक्य त्यांनी म्हटलं, तर जवळच्या हवाई दलाच्या तळावरचं शिकाऊ विमान डोक्यावरून घरघरत गेलं. पुन्हा म्हटलं, पुन्हा विमान. नौबादेत रेकॉर्डिंग म्हणजे विमानाची मर्जी. तिसऱ्या वेळी आभाळ गप्प होतं आणि अक्कांचा आवाज मधेच फाटला. मी म्हणाले, परत घेऊ? त्या म्हणाल्या, न्हाई, ऱ्हाऊ दे. राहू दिला. व्हिडिओत तो तसाच आहे, आणि मला अजून तिथं गलबलून येतं.

साहेबांना पाठवलं. फोन आला. "मॅडम, नारद कुठाय? आणि सावत्र आई नक्की कोणती?" मी सांगितलं, साहेब, खलनायक नाहीच यात, जागेचा प्रश्न आहे. ते म्हणाले, असं चालत नाही. मीही आता अक्कांच्या तालमीत तयार झाले होते. म्हटलं, तुमच्या घरच्या लेकरांना लावून बघा, मग बोलू. दोन दिवस फोन नाही. मग आला. त्यांची दोन्ही पोरं सोफ्यावर बसून एकमेकांना ढकलत 'मला जागा आहे का' करत होती म्हणे. मालिका मिळाली. व्हिडिओ उघडण्याआधी दिसतं त्या चित्रावर त्यांनी मोठी चांदणी टाकलीच, पण ते माझ्या हातात नव्हतं.

मला खरी काळजी मात्र स्टुलावरच्या बाईसाहेबांची होती. तिला पुन्हा वर आणलं तेव्हा तिनं आधीच हात तोंडापुढं धरले होते. सुरुची बोलली. हात तसेच. झाड पिवळं झालं, उघडं झालं, बोटं जराशी फाकली. घरी परतलेल्या ध्रुवाला सुरुचीनं उचललं, ते तिनं हात खाली घेऊन बघितलं. तिसऱ्यांदा 'मला जागा आहे का' आलं ते तिनं ध्रुवाबरोबर म्हटलं.

"उत्तम आधीच कामून न्हाई सरकला?" तिनं विचारलं.

"त्याला ठावं नव्हतं," अक्का म्हणाल्या.

"परत लाव."

आठवड्यानं लग्न रजिस्टर करून अण्णा नव्या बायकोला घेऊन आला. अक्कांनी ओसरीवर बाज टाकली होती. बाजेवर अक्का, त्यांना चिकटून नात, पलीकडं तिच्या कपड्यांची बॅग. अण्णा खुर्चीत टेकला. मी चहाचा ट्रे धरून दारात. ती नवी बाई उभीच राहिली. बारीक, घाबरलेली, हातात मुलीसाठी आणलेली रंगपेटी, आणि बसायला जागा नाही. अण्णानं उठायला पाहिजे होतं. अण्णा चपलेकडं बघत बसला, अगदी उत्तानपाद. मला वाटलं, अक्का आता काहीतरी बोलतील, 'ये गं, बस' म्हणतील. अक्का, ज्यांना प्रत्येक गोष्टीवर बोलायचं असतं, छत्रीवर हनुवटी ठेवून समोरच्या कडुनिंबाकडं बघत राहिल्या.

पोरगीनं आजीकडं बघितलं. मग त्या बाईकडं. मग बॅग ओढून खाली ठेवली, आजीच्या अंगावर रेलत जरा सरकली, आणि मोकळ्या झालेल्या बाजेवर हातानं थोपटलं.

ती बाई बसली. रंगपेटी दोघींच्या मधे.

माझ्या डोळ्यांना धार लागली होती. मी तोंड उघडलं, "अक्का, बघितलं का..."

छत्री माझ्या दिशेनं वर झाली.

"सुम्म," अक्का म्हणाल्या. "दिसायलंय की."